हे कोणाकडे धरू?

ताई लिहिताना पेनचं टोपण डाव्या मुठीत धरून ठेवत. टोपण पेनला लागलं की समजायचं, मुद्दा संपला.

कुणाच्या टेबलापाशी गेल्या की आधी त्याच्या खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं हलकेच वाजवत. समोरचा दचकू नये म्हणून.

फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं. "आत्ता बोलायला जमेल, की मागाहून करू?" आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबत.

चहा अर्धा पीत. उरलेला अर्धा निवत पडे. तो टाकून देताना रोज हळहळत.

कुणाचा वाढदिवस त्यांना आठवत नसे. पण कुणी काय काय करायचं कबूल केलंय, ते सगळं आठवे.

उघडं राहिलेलं कपाट, खण, खिडकी, दार दिसलं की जाता जाता लावून घेत. कुणी उघडं टाकलं, हे विचारत नसत.

ही शेवटची सवय मला आता फार आठवते.

मी साहित्याची पदवी घेतली आणि पुस्तकांच्या जवळ राहायला मिळेल म्हणून पुस्तकांच्या गोदामात नोकरीला लागले. इथे पुस्तकं गठ्ठ्यांनी मोजतात आणि वजनावर ओळखतात. पहिल्याच दिवशी एका हमालाने मला कवितेचा गठ्ठा दाखवून सांगितलं, "हा हलका माल." मी हसले. तो हसला नाही.

इमारत जुनी. तळमजल्यावर माल चढवायचा-उतरवायचा धक्का, पहिल्यावर आमचं कार्यालय, दुसऱ्या-तिसऱ्यावर नुसती पुस्तकं. मधोमध मालाची लिफ्ट. लिफ्टला प्रत्येक मजल्यावर सरकणारं जाळीचं दार, लोखंडी, काळं, तेलकट. बाजूने जिना.

ताई कार्यालयाच्या समन्वयक होत्या. म्हणजे नेमकं काय, हे मलाही नीट कळलं नव्हतं. दर सोमवारच्या बैठकीचं इतिवृत्त त्या लिहीत. ठरलेली कामं होतायत का ते बघत. सगळे त्यांना मागून पाठपुरावाताई म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

"नाव वाईट नाही," एकदा म्हणाल्या. "सासरी गेले तेव्हा मला 'ती थोरली' म्हणायचे. निदान हे माझ्या कामावरून पडलंय."

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. माझ्या दुप्पट वयाच्या. तरी मैत्री झाली. डबा आम्ही एकत्र खात असू. त्या माझं कथालेखन वाचत आणि एकच शेरा मारत, "छान आहे. पण हे दार लावतं कोण?" माझ्या गोष्टींत दारं आपोआप लागत. दिवे आपोआप विझत. त्यांना ते चालत नसे.

आमच्या इतिवृत्तांत मात्र सगळं आपोआपच होत असे.

मी आले तेव्हा ते पाहून मला गंमत वाटली होती. 'पावसाळी ताडपत्र्या मागवून घ्याव्यात.' 'परत आलेल्या मालाची नोंद वेळेत व्हावी.' 'जिन्यातले गठ्ठे हलवावेत.' कुणी, कधीपर्यंत, काही नाही. नुसत्या इच्छा. मी म्हटलं, "ताई, ही तर प्रार्थना झाली."

त्या हसल्या नाहीत. पेनचं टोपण लावलं.

मग सांगितलं. पूर्वी इतिवृत्तात नावं असत. त्याच लिहीत. एकदा चुकीचा माल चुकीच्या गावी गेला. पॅकिंगचा मुकादम होता, त्याच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'काम झालेलं नाही.' खरं होतं ते. बैठकीत साहेबांच्या वरच्या माणसाने तो कागद हातात धरून सगळ्यांसमोर वाचला. एकदा नाही, परत परत. मुकादम दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. मागून कळलं की त्याच्या घरी आजारपण चालू होतं.

"त्यानंतर साहेबांनी नियम केला. इतिवृत्तात कुणाचं नाव नको. आपण सगळे मिळून करतो. मलाही तेव्हा बरंच वाटलं," ताई म्हणाल्या. "माझ्या अक्षरातला कागद होता तो."

नियम मायेपोटी आला होता. म्हणून त्याला कुणी हात लावला नाही.

*

तिसऱ्या मजल्यावर ढकलगाडी पडली त्या दिवशी मी जिन्यात होते. आवाज आधी आला. लोखंडाचा, लांबलचक, खाली खाली जाणारा. मग धूळ.

झालं होतं असं. हमालाने नेहमीसारखं दार ओढलं. दार उघडलं. त्याने पाठमोरं राहून गाडी आत ढकलली. आत लिफ्ट नव्हती. लिफ्ट तळमजल्यावर होती. गाडी गेली, हमाल राहिला. मूठ वेळेवर सुटली, एवढंच.

लिफ्ट मजल्यावर उभी असल्याशिवाय ते दार उघडायलाच नको. त्यासाठी दाराला कुलपासारखा खटका असतो. लिफ्ट समोर आली की तो सुटतो, एरवी अडकून राहतो. तिसऱ्या मजल्यावरचा खटका झिजला होता. जोराने ओढलं की सुटे. आणि तिथे सगळे जोरानेच ओढत.

सगळे हसले. वाचल्यावर माणसं हसतात. गोदामवाले काका, म्हणजे वरच्या दोन्ही मजल्यांचे प्रमुख, त्या हमालाला म्हणाले, "अरे, गाडीला जिन्याने पाठवायचं राहिलं का?" तोही हसला. मग जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. ताईंनी त्याला आपला अर्धा चहा दिला.

सोमवारी बैठक झाली. साहेब, इमारतीचं बघणारे इंजिनिअर, गोदामवाले काका, ताई आणि कोपऱ्यात मी. साहेबांनी विषय गांभीर्याने घेतला. अगदी आवाज खाली आणून बोलले. इंजिनिअरांनी मान हलवली. काकांनी मान हलवली. ताईंनी लिहिलं, 'मालाच्या लिफ्टचं दार तातडीने दुरुस्त करून घ्यावं.' साहेबांनी वाचून 'तातडीने' खाली रेघ ओढली.

पुढच्या सोमवारी ती ओळ तशीच पुढे आली. समोर शेरा, 'चालू आहे.' त्याच्या पुढच्याही सोमवारी. रेघसुद्धा पुढे आली. कारण ताई जुना कागद उघडून त्यावरूनच नवा तयार करत, आणि रेघ त्या इमानाने परत देत.

काम चालू आहे असं सगळ्यांना वाटत होतं. इंजिनिअरांना वाटे, काका माल थांबवतील तेव्हा सांगतीलच. काकांना वाटे, इंजिनिअर दिवस ठरवून कळवतीलच. साहेबांना वाटे, रेघ ओढलीय. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मला हे तेव्हा दिसलं नव्हतं. ताईंना दिसत होतं. त्या बैठकीत त्या ओळीपाशी आल्या की टोपण मुठीत घट्ट धरत.

तिसऱ्या मजल्यावर हमाल आता दार उघडून आधी आत डोकावत. डोकावून खाली ओरडत, "पाठव रे." दार उघडं ठेवूनच वाट बघत. भीती मोडून गेली होती. मी एकदा तिथे उभी होते. दाराच्या फटीतून गार हवा येत होती. कुबट, ग्रीसच्या वासाची. खाली काही दिसत नव्हतं. शेजारी उभा हमाल त्या अंधाराच्या काठावर टेकून मोबाईल बघत होता.

*

ताईंच्या घरी मी अधूनमधून जेवायला जात असे. घरी त्या आणि त्यांचे यजमान. ते एका शाळेत प्रयोगशाळेचं सामान सांभाळत. फार कमी बोलत, आणि बोलले की ताईंना टोमणा असे.

"आमच्याकडे इतिवृत्त पक्कं असतं," ते मला वाढता वाढता म्हणाले. "नळ गळतो, कोणाकडे, माझ्याकडे. पंखा वाजतो, कोणाकडे, माझ्याकडे. कधीपर्यंत? कालपर्यंत."

"आणि झालं का?" ताई म्हणाल्या.

"चालू आहे."

आम्ही तिघंही हसलो. मग ताई पानातल्या भाताशी चाळा करत राहिल्या.

"काय गं?" यजमान म्हणाले.

"ते लिफ्टचं दार. कुणीतरी जाईल त्यात."

"मग सांग ना ठणकावून. इंजिनिअरचं नाव घे, मोकळी हो."

"नाव घेतलं की माणूस दाराचं बघत नाही. स्वतःला वाचवायचं बघतो," ताई म्हणाल्या. "मला दार दुरुस्त हवंय. त्यांची मान खाली नकोय."

 यजमानांनी उठून स्वयंपाकघरातल्या नळाखाली वाटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी बैठकीची वाट पाहिली नाही. एकेकाला गाठायचं ठरवलं. "बैठकीत विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात," मला म्हणाल्या. "एकट्याला विचारलं की तो स्वतःकडे बघतो. तू चल. शिकशील."

आधी त्यांनी लिफ्ट कंपनीला फोन लावला. तिकडचा कारागीर म्हणाला, "बाई, मी येऊन गेलो की. खटका बघितला, मापं घेतली. बदलायला लिफ्ट दिवसभर बंद लागेल म्हटलं. कुणी म्हणे हे काकांना विचारा, काका म्हणाले इंजिनिअरना विचारा. इंजिनिअर बाहेर गेलेले. मी किती वेळ थांबणार? सुटा भाग आणून ठेवलाय माझ्याकडे. तुम्ही दिवस सांगा, मी हजर."

ताईंनी फोन ठेवला. 

मग इंजिनिअरांच्या खुर्चीमागे दोन बोटं वाजली.

"या, पाठपुरावा," ते म्हणाले. तोंडावर म्हणायचे ते एकटेच. "कशाचा नंबर आज?"

"मीच चुकले एका ठिकाणी, ते सांगायला आलेय," ताई म्हणाल्या. "लिफ्टच्या दाराचं मी दर वेळी लिहितेय, पण त्यात तुमच्याकडून काय लागेल, ते विचारलंच नाही कधी. कारागीर येऊन गेला होता. भाग तयार आहे म्हणतो."

"हो का?" इंजिनिअर सरळ बसले. "मला वाटलं भागच मिळत नाहीये. मला कुणी..." तिथे ते थांबले.

"राहून गेलं सांगायचं. आता त्याला दिवस हवाय. पूर्ण दिवस लिफ्ट बंद. तुम्हाला या आठवड्यात जमतंय, की पुढच्या?"

"पुढच्या. गुरुवारी धरा. पण काका माल थांबवणार का? त्यांना विचारा म्हणजे... तुम्हीच विचारा, ताई. मी विचारलं की ते मला त्यांची गळकी खिडकी दाखवायला नेतात."

"विचारते. गुरुवार तुमच्या नावावर धरू?"

इंजिनिअरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. नियम त्यांनाही माहीत होता.

"धरा," म्हणाले.

काकांकडे जास्त वेळ गेला. ते दुसऱ्या मजल्यावर गठ्ठ्यांच्या बोळात स्टुलावर बसत. शाळा उघडायच्या दिवसांत माल थांबवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

"गुरुवारी? आणि माल डोक्यावरून न्यायचा? माझी पोरं बैल आहेत का?"

"नाहीत, म्हणूनच आलेय, काका. त्या दिवशी गाडीबरोबर तो गेला असता तर?"

काकांनी स्टुलावरून उठून एक गठ्ठा उगाच सरळ केला.

"तुम्ही सांगाल त्या दिवशी करू," ताई म्हणाल्या. "कुठला दिवस कमी वाईट?"

"कमी वाईट," काका हसले. "बरा शब्द आहे. गुरुवारच. बुधवारी मी जास्तीचा माल खाली काढून ठेवतो. लिहा माझं नाव. पण वरच्यांनी तो कागद नाचवला तर मी तुमचं नाव सांगीन."

"सांगा," ताई म्हणाल्या.

साहेबांकडे त्या एकट्याच गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. "हो म्हणाले. नाव लिहायचं, पण त्या माणसाला आधी विचारून. आणि दिवस त्यानेच सांगितलेला. आणि नाही झालं तर 'झालं नाही' असं लिहायचं नाही. 'काय अडलं' ते लिहायचं." अर्धा चहा त्यांनी त्या दिवशी पुरा संपवला.

*

सोमवारच्या बैठकीत इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कागदावर दोन नवे रकाने आले. कोणाकडे. कधीपर्यंत. ताईंनी वाचून दाखवलं. लिफ्टचा खटका बदलून घेणं, इंजिनिअर, गुरुवार. माल थांबवणं आणि आधी खाली काढणं, काका, बुधवार. कुणी दचकलं नाही. आकाश कोसळलं नाही. इंजिनिअर तर जरा ऐटीत बसले होते.

साहेब उठता उठता म्हणाले, "आणि गुरुवारपर्यंत लिफ्ट वापरूच नका हं. आजपासूनच बंद ठेवा. दारं बांधून घ्या. काका, जमेल?"

"जमवू. बुधवारचा माल जिन्याने काढतो," काका म्हणाले.

"बंद मी आत्ताच करतो," इंजिनिअर दारातून म्हणाले. खुर्च्या सरकत होत्या. कुणाचा तरी फोन वाजत होता.

ताईंनी तिसरी ओळ लिहिली. 'गुरुवारपर्यंत लिफ्ट बंद ठेवून सर्व मजल्यांवरची दारं बांधून घेणं. इंजिनिअर. आज.'

त्यांनी टोपण लावलं.

जेवायच्या सुट्टीच्या थोडं आधी आम्ही दोघी जिन्याने वर जात होतो. काकांकडून कसलासा आकडा हवा होता. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टपाशी ताई थांबल्या. तिथला दिवा गेला होता. त्या भागात खिडक्या गठ्ठ्यांनी झाकलेल्या, त्यामुळे भर दुपारी संध्याकाळ. वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं, तिथेही अंधार.

"विजेचा मुख्य स्विच पाडलाय त्यांनी," ताई म्हणाल्या. "दिवे त्याच बोर्डावर आहेत वाटतं."

"म्हणजे बंद केली. झालं ना काम?"

ताईंनी जाळीचं दार हाताने चाचपलं. दुसऱ्या मजल्यावरचं दार पक्कं होतं. त्यांनी जाळीतून खाली पाहिलं. लिफ्ट तळाशी उभी होती.

"बंद म्हणजे लिफ्ट खाली राहणार. हलणारच नाही," त्या सावकाश म्हणाल्या. जणू स्वतःलाच सांगत होत्या. "वरचं दार तसंच आहे. ओढलं की उघडणार. आधी निदान कधीतरी समोर लिफ्ट तरी असायची."

मी जाळीपासून एक पाऊल मागे सरले. का ते लगेच कळलं नाही.

"मी दोन कामं एका ओळीत लिहिली गं," ताई म्हणाल्या. "बंद करणं वेगळं. बांधणं वेगळं. ते बंद मी करतो म्हणाले. बांधतो म्हणाले नाहीत. मी दोन्ही त्यांच्या नावावर धरलं. विचारलं नाही."

आम्ही खाली आलो. इंजिनिअर लिफ्ट बंद करून दुसऱ्या इमारतीकडे निघून गेले होते, फोन उचलत नव्हते. काका धक्क्यावर ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होते. ताईंनी खिडकीतून हाक मारली, काकांनी हात वर केला, म्हणजे थांबा. साहेबांची खोली बंद.

मग ताईंनी कधी न केलेली गोष्ट केली. सगळ्यांना मिळून एकच ईमेल लिहिली. मी खांद्यामागून वाचत होते.

'नमस्कार. सकाळच्या तिसऱ्या मुद्द्यात मी दोन कामं एकत्र लिहिली, ती चूक माझी. लिफ्ट बंद झाली आहे, त्याबद्दल आभार. तिसऱ्या मजल्यावरचं दार अजून हाताने उघडतं आणि तिथे दिवा नाही. दारं बांधायचं काम आत्ताच व्हायला हवं. हे कोणाकडे धरू?'

उत्तरं लगेच आली. साहेबांनी दुसऱ्या कुठल्या बैठकीतूनच अंगठा पाठवला. हिशेब विभागाने 'नोंद घेतली' लिहिलं. इंजिनिअरांचं एका शब्दाचं उत्तर आलं, 'धन्यवाद.' नंतर त्यांनी सांगितलं, आभार मानलेत एवढंच त्यांनी फोनवर वाचलं होतं.

ताई पडद्याकडे पाहत राहिल्या. त्यांना राग आलेला मी कधी पाहिला नव्हता. तेव्हाही आला नाही. त्यांनी खण उघडला आणि पार्सलं बांधायच्या सुतळीचा गुंडा बाहेर काढला.

"काका येईपर्यंत मीच बांधते. पहिलं, दुसरं, तिसरं. तू तेवढ्यात पाट्या काढ. मोठ्या अक्षरात. 'लिफ्ट बंद आहे. दार उघडू नये.'"

"मीही येते ना. मग काढू पाट्या."

"पाट्या काढ," त्या म्हणाल्या. "कोणाकडे?"

"माझ्याकडे," मी म्हटलं.

"कधीपर्यंत?"

"तुमचं बांधून होईपर्यंत, असं धरा ना."

त्या हसल्या. जाता जाता माझ्या मागचं कपाट लावून घेतलं. चहा टेबलावर होता. अर्धा.

पहिल्या मजल्यावरचं दार माझ्या टेबलावरून दिसे. त्यांनी सुतळी जाळीतून ओवून कडीला चार वेढे दिले, गाठ मारली, ओढून पाहिली. मग जिना चढून गेल्या. भिंतीच्या बाजूने.

प्रिंटर जुना होता. कागद अडकला. मी तो काढला. पहिली पाटी बाहेर आली. दुसरी आली.

तिसऱ्या पाटीच्या वेळी वर काहीतरी झालं. गठ्ठा पडावा तसा आवाज. आमच्याकडे दिवसभर गठ्ठे पडतात. कुणी मान वर केली नाही. मग तळमजल्यावरून कुणीतरी ओरडलं. काकांचा आवाज होता. ते ट्रकवाल्याला ओरडत नव्हते.

वर काय झालं, ते कुणी पाहिलं नाही. नंतर जोडून जोडून एवढं कळलं. हमालांनी तिसऱ्या मजल्यावर नेहमीसारखं दार ओढून खाली हाक दिली होती, "पाठव रे." लिफ्ट बंद आहे असं खालून उत्तर आलं. ते जिन्याने जेवायला उतरले. दार उघडंच राहिलं. दिवा नव्हता.

त्यांना उघडं दार दिसलं असेल, किंवा हाताला लागलं असेल. त्या लावायला गेल्या असतील. कुणी उघडं टाकलं, हे त्यांनी विचारलं नसेल.

*

मी स्मशानात गेले. यजमान मला पाहून म्हणाले, "नळ दुरुस्त केला मी. आदल्या दिवशीच. सांगायचं राहिलं." मग माझा हात धरून उभे राहिले.  साहित्यातलं काहीच आठवलं नाही.

लिफ्टला सरकारी सील लागलं. चौकशीला माणसं आली. सगळ्यांनी खरं सांगितलं. इंजिनिअर म्हणाले, बंद करणं माझ्याकडे होतं, ते मी केलं. काका म्हणाले, माल थांबवणं माझ्याकडे होतं. साहेब म्हणाले, मी सगळ्यांना सांगितलं होतं. कागदावर तिसऱ्या ओळीपुढे इंजिनिअरांचं नाव होतं, आणि ताईंच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, चूक माझी. चौकशीवाल्याने ते वाक्य उतरवून घेतलं. मी म्हटलं, ती त्यांची पद्धत होती. त्या तसं नेहमी म्हणायच्या, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून. त्याने मान हलवली आणि हे काही लिहिलं नाही.

पुढच्या बैठकीत लिहायला मला बसवलं. आधी सगळे उभे राहिले. मग बसले.  साहेब म्हणाले, "तूर्त नावं नकोत. कुणाच्याच मनाला लागायला नको आत्ता." कुणी हरकत घेतली नाही. मीसुद्धा लगेच नाही घेतली. मग साहेब म्हणाले, "लिहा. सर्व मजल्यांवर सुरक्षिततेची काळजी घ्यावी."

मी ते लिहिलं. टोपण माझ्या डाव्या मुठीत होतं.

"हे कोणाकडे धरू?" मी विचारलं.

इंजिनिअर टेबलाकडे बघत होते. काका खिडकीकडे. बाहेर ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता.

कारागीर ठरल्या गुरुवारी सकाळी आला होता. येऊ नका, असं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. धक्क्यावर पिशवी ठेवून त्याने विचारलं, "त्या बाई कुठायत?" सील पाहून तो परत गेला. चौकशी संपल्यावर पुन्हा आला. त्याच्याबरोबर मी गेले, किल्ल्या घेऊन.

पहिल्या मजल्यावर सुतळीचे चार वेढे होते. गाठ इतकी घट्ट की सुटेना. त्याने कात्रीने कापली. दुसऱ्या मजल्यावरही चार वेढे, तशीच गाठ. कापली. सुतळीचं सुटं टोक तिथून निघून जिन्याच्या पायऱ्यांवरून वर गेलं होतं, भिंतीच्या बाजूने.

आम्ही तिच्यामागून तिसऱ्या मजल्यावर गेलो. त्याने कात्री पुढे केली आणि दारावर विजेरी मारली. तिथे कापायला काही नव्हतं.